टोन सपाट की वळणाचा, आणि शेजारी दुसरा टोन आला की काय होतं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

टोन असलेल्या भाषा शिकायला किंवा अभ्यासायला घेतल्या की सुरुवातीलाच दोन शब्द भेटतात, रजिस्टर टोन आणि कंटूर टोन, आणि बहुतेक ठिकाणी एका ओळीत सांगून टाकतात की सपाट असेल तो रजिस्टर आणि चढता-उतरता असेल तो कंटूर. हे पूर्ण चूक नाहीये पण एवढ्यावर काम करायला गेलात तर पहिल्या आठवड्यातच अडकाल, कारण आफ्रिकेतल्या रजिस्टरवाल्या भाषांमध्ये चढते-उतरते आवाज भरपूर ऐकू येतात आणि चिनी भाषेत अगदी सरळ सपाट टोनही आहे. मग ठरवायचं कसं? माझं म्हणणं असं की टोन एकटा कसा वाजतो यावरून ते ठरत नाही, तो शब्दात आणि वाक्यात कसा वागतो यावरून ठरतं, म्हणूनच रजिस्टर-कंटूर आणि टोन संधी, म्हणजे शेजारच्या टोनमुळे टोन बदलणं, हे दोन वेगळे धडे म्हणून न शिकता एकत्रच शिकावेत. खाली मी ज्या क्रमाने जायचं तो क्रम देतोय.

पायरी 1: आधी नक्की टोनच आहे ना ते बघा

आपण मराठीतही आवाज वरखाली करतोच. "आला?" आणि "आला." यात पिच वेगळी आहे, पण शब्द तोच आहे, फक्त विचारलं की सांगितलं एवढाच फरक. याला इंटोनेशन म्हणतात. टोन म्हणजे पिच बदलली की शब्दच बदलतो. नायजेरियातल्या योरुबा भाषेत "ऑकॉ" असं काहीतरी ऐकू येतं, त्यात दोन्ही सिलॅबल मधल्या पट्टीत ठेवली तर नवरा, दुसरं वर नेलं तर कुदळ, दुसरं खाली नेलं तर वाहन, आणि दोन्ही खाली ठेवली तर भाला. व्यंजनं तीच, स्वर तेच. असे शब्दांचे संच मिळाले की समजायचं टोन आहे.

यापुढे मी वरच्याला व, मधल्याला म आणि खालच्याला ख लिहितोय, म्हणजे कुदळ झाली म-व आणि भाला झाला ख-ख.

एक गोष्ट इथेच डोक्यात बसवा, वर-खाली हे त्या माणसाच्या आवाजाच्या मानाने असतं. जाड आवाजाच्या पुरुषाचा "वरचा" टोन एखाद्या मुलीच्या "खालच्या" टोनपेक्षाही हर्ट्झमध्ये कमी असू शकतो, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांची रेकॉर्डिंग शेजारी ठेवून आकडे थेट जुळवू नका.

पायरी 2: पिच मोजा, पण पाचच खणांत टाका

कानावर भरवसा ठेवाच पण सुरुवातीला डोळ्यांनी बघितलं की कान लवकर तयार होतो. त्यासाठी प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं, त्यात आवाज उघडला की पिचची रेघ दिसते आणि तिच्यावर क्लिक केलं की हर्ट्झ कळतात. आकडे शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनावर घेऊ नका, स्वर नीट सुरू झाला की एक, मध्ये एक आणि संपायच्या किंचित आधी एक असे तीन घ्या, कारण स्वराचा अगदी पहिला तुकडा आधीच्या व्यंजनाने बिघडलेला असतो. ग, द, ब सारख्या घोष व्यंजनानंतर पिच जराशी खालून उचलते आणि क, त, प नंतर जराशी वरून सुरू होते. नवखा माणूस हा छोटासा चढ बघतो आणि चढता टोन लिहून मोकळा होतो.

आता हे हर्ट्झ लिहायचे कसे? 1930 मध्ये च्याओ युएन-रेन या चिनी भाषाशास्त्रज्ञाने पाच पातळ्यांची पट्टी मांडली, 1 सगळ्यात खाली आणि 5 सगळ्यात वर, आणि टोन कुठून निघून कुठे पोचतो ते आकड्यांत लिहायचं. मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचे, चार टोन याच पट्टीवर 55, 35, 214 आणि 51 असे लिहितात. म्हणजे पहिला वर सपाट, दुसरा मधून वर, तिसरा खाली जाऊन परत उठणारा, चौथा वरून थेट खाली. हर्ट्झवरून खण काढायला साधा हिशेब चालतो:

```
T = 5 * log(x / min) / log(max / min)
```

min आणि max म्हणजे त्या एकाच माणसाने त्या रेकॉर्डिंगमध्ये टोनसाठी वापरलेली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पिच, x म्हणजे तुम्ही मोजलेली. उत्तर 0 ते 1 मध्ये आलं तर खण 1, 1 ते 2 मध्ये आलं तर खण 2, असं पुढे. समजा एकाचा पल्ला 100 ते 200 हर्ट्झ आहे आणि एक स्वर 145 ला सुरू होऊन 190 ला संपतो, तर पहिलं उत्तर साधारण 2.7 येतं आणि दुसरं 4.6, म्हणजे 35, मँडरिनचा दुसरा टोन. दुसरा स्वर 198 वरून 108 वर आला तर 4.9 आणि 0.6, म्हणजे 51. लॉग घ्यायचं कारण एवढंच की कान पिचमधला फरक पटीत ऐकतो, 100 ते 120 हा फरक कानाला 180 ते 200 पेक्षा बराच मोठा वाटतो.

मँडरिनच्या तिसऱ्या टोनवर प्राट हमखास फसतं. तो टोन तळाशी गेला की बऱ्याच लोकांचा आवाज घोगरा, तुटक होतो, मग रेघ मध्येच गायब होते किंवा अचानक निम्म्यावर येऊन पडते. 90 वरून एकदम 45 दिसलं तर तो टोन नाही, मोजणीचा घोटाळा आहे. पिचची खालची मर्यादा थोडी वर करून परत बघा, आणि तरीही सुधारलं नाही तर तो तुकडा सोडून द्या.

आणि शब्द यादीसारखे एकाखाली एक वाचायला लावू नका. यादीत प्रत्येक शब्द संपताना आवाज आपोआप पडतो आणि सगळेच टोन उतरते दिसायला लागतात. त्याऐवजी "मी ___ असं म्हणालो" सारखं एक ठरलेलं वाक्य घ्या आणि शब्द मधल्या जागेत बसवा. पण त्या जागेच्या आजूबाजूला कुठला टोन येतोय ते लिहून ठेवा, कारण पुढे संधीची वेळ आली की हाच शेजारी आपल्याला गोंधळात टाकतो.

पायरी 3: वळण दिसलं तर ते एक आहे की दोन, हे तपासा

इथे जरा थांबूया, कारण सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

1948 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइकने टोनभाषांचे हे दोन गट मांडले. रजिस्टरवाल्यांत टोन म्हणजे पातळी, वर, मध्ये, खाली अशा दोन-तीन, क्वचित चार. कंटूरवाल्यांत निदान काही टोन असे की त्यांची ओळखच हालचालीत आहे. छान वाटतं, पण आता योरुबाच घ्या. "इवे" म्हणजे पुस्तक, टोन ख-व. मोजायला गेलात तर दुसरं सिलॅबल वर सपाट नसतं, खालून चढत वर जातं, कारण योरुबात ख च्या मागोमाग व आला की तो व चढता होऊन बाहेर पडतो. मग योरुबा कंटूरवाली झाली का? नाही, कारण हे वळण ठरावीक शेजार मिळाला तरच येतं, आधीचा ख काढला की वळणही जातं. शेजारामुळे येतंय की नाही हा झाला पहिला तपास.

दुसरा तपास जास्त खोल जातो आणि त्यासाठी सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेसारखं उदाहरण नाही. मेंडेत "म्बू" म्हणजे घुबड, एकच सिलॅबल आणि उतरता टोन. ऐकायला मँडरिनच्या चौथ्यासारखाच, वरून खाली. आणि हा शेजारामुळेही आलेला नाही, एकटा शब्द म्हटला तरी आहे. पण आता दोन सिलॅबलचे शब्द बघा, "न्गिला" म्हणजे कुत्रा, व-ख. तीन सिलॅबलचा "फेलामा" म्हणजे रस्ते मिळतात ती जागा, व-ख-ख. काही लक्षात येतंय? तिन्ही शब्दांची चाल एकच आहे, वरून खाली, फक्त जागा कमी असली की दोन्ही पातळ्या एका सिलॅबलमध्ये कोंबल्या जातात आणि जागा असली की वाटून घेतल्या जातात. उलट्या चालीचंही तसंच, "म्बा" म्हणजे तांदूळ हा एका सिलॅबलमध्ये चढता, "फान्दे" म्हणजे कापूस ख-व, "न्दावुला" म्हणजे गोफण ख-व-व.

आता पुरावा पक्का करायचा. मेंडेत शब्दाच्या पुढे "हू" लावलं की "च्या आत" असा अर्थ येतो. या हूला स्वतःचा टोन नाही, मागच्या शब्दाकडून मिळेल तो घेतो. "म्बू" ला हू लावा, तर "म्बू" एकदम वर सपाट होतो आणि खालची पातळी हू वर जाऊन बसते, म्हणजे "म्बू-हू", व-ख. तांदळाच्या "म्बा" ला लावा, तर ख-व. उतरता टोन अक्षरशः उकलला, त्याचे दोन तुकडे दोन सिलॅबलवर गेले. जे वळण असं उकलतं ते मुळात वळण नव्हतंच, दोन पातळ्या होत्या. विल लेबेनने 1973 च्या त्याच्या एमआयटीतल्या प्रबंधात मेंडेवरून हेच दाखवलं आणि जॉन गोल्डस्मिथने 1976 मध्ये त्यावर पुढची मांडणी केली, ज्यात टोन एका ओळीवर आणि सिलॅबल दुसऱ्या ओळीवर ठेवून मध्ये रेघा मारतात. नंतरच्या लोकांनी मेंडेतले या चालींत न बसणारे शब्दही दाखवले, त्यामुळे हा नियम मेंडेच्या प्रत्येक शब्दाला लागू पडतो असं समजू नका, पण उकलण्याचा तपास म्हणून तो उत्तम आहे.

मँडरिनमध्ये हे करून बघा. तिथे प्रत्येक सिलॅबलला स्वतःचा टोन आहे, त्यामुळे दोन सिलॅबलच्या शब्दाला 4 गुणिले 4 म्हणजे 16 शक्यता आणि तीनच्या शब्दाला 64. मेंडेत मात्र शब्द लांब झाला म्हणून चाली वाढत जात नाहीत, लेबेनच्या मांडणीत एक, दोन, तीन सिलॅबलला मिळून पाचच चाली पुरतात: व, ख, वख, खव आणि खवख. नवीन भाषा हातात आली की मी हीच मोजणी आधी करायला सांगेन. एका सिलॅबलचे, दोनचे, तीनचे शब्द वेगळे काढा, प्रत्येक ढिगात किती चाली भेटतात ते मोजा. सिलॅबलगणिक गुणाकार होत असेल तर टोनचा मालक सिलॅबल आहे आणि वळण एकसंध असायची शक्यता जास्त. आकडा तिथल्या तिथे राहत असेल तर मालक शब्द आहे आणि वळणं बहुधा पातळ्यांची जोड.

सगळ्या भाषा नीट दोन कप्प्यांत बसत नाहीत हेही खरं. कँटनीज घ्या, सहा टोन, 55, 25, 33, 21, 23, 22, म्हणजे तीन सरळ सपाट, दोन चढते आणि एक तळाशी किंचित उतरणारा. एकाच भाषेत पातळ्याही महत्त्वाच्या आणि चढही. अशा वेळी "कुठला गट" या प्रश्नावर वेळ घालवू नका, प्रत्येक टोनसाठी वेगळं विचारा की हा पातळीने ओळखला जातो की हालचालीने.

पायरी 4: पातळ्या फसव्या असतात, उतरत जाणारी पट्टी ओळखा

रजिस्टरवाल्या भाषेत नवखे लोक नसलेला "म" शोधून काढतात. नायजेरियाच्याच हौसा भाषेत व-ख-व-ख-व असं वाक्य असेल तर दुसरा व पहिल्याइतका वर जात नाही, तिसरा त्याहून खाली, जणू पट्टीच हळूहळू खाली सरकतेय. याला डाउनड्रिफ्ट म्हणतात. लांब वाक्यातला शेवटचा व सुरुवातीच्या ख इतकाही खाली येऊ शकतो. मग तुम्ही खण मोजत बसलात तर पाच पातळ्या सापडल्या असं वाटेल. कसं ओळखायचं? मधे ख नसताना व च्या लगेच पुढे तो "मधला" येऊ शकतो का ते बघा. डाउनड्रिफ्ट असेल तर पट्टी खाली यायला मधे ख लागतो, दोन व सलग आले तर दुसरा साधारण तेवढाच राहतो. इग्बो आणि अकान सारख्या भाषांत मात्र मधला ख ऐकू न येताही पट्टी एक पायरी उतरते, तिथे हा तपास पुरत नाही, पण सुरुवातीला हौसासारखीच भाषा घ्या.

पायरी 5: जोड्यांचा तक्ता करा, संधी तिथेच सापडते

टोन संधी म्हणजे दोन टोन शेजारी आले की त्यातला एखादा बदलून दुसराच टोन होतो. शोधायची पद्धत एकच, आणि ती कंटाळवाणी आहे पण तिला पर्याय नाही. भाषेत चार टोन असतील तर 4 गुणिले 4 चा तक्ता आखा, आडव्या ओळीत पहिला शब्द, उभ्या ओळीत दुसरा, आणि प्रत्येक घरात एक खरी जोडी भरा, खरा शब्द किंवा लोक खरंच बोलतात असा शब्दगट. बनावट जोड्या चालत नाहीत, माणूस त्या तुटकपणे म्हणतो आणि संधी होतच नाही. प्रत्येक घरात आधी सुट्या शब्दांचे टोन लिहा आणि खाली जोडीत ऐकू आलेले.

मँडरिनचा तक्ता भरला की 16 पैकी एक घर डोळ्यात भरतं, तिसरा अधिक तिसरा. "नी" (तू) 214 आणि "हाओ" (चांगलं) 214, पण एकत्र म्हटलं की नी 35 होतो. म्हणजे नेहमीचं अभिवादन दुसरा-तिसरा असं ऐकू येतं. लिहिताना मात्र तिसरा-तिसराच लिहितात, त्यामुळे पुस्तकातून शिकणारा वर्षभर चुकीचं म्हणत राहू शकतो.

तिसऱ्याच्या ओळीतली बाकीची तीन घरंही नीट बघा, तिथेही काहीतरी होतं. पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्याच्या आधी तिसरा टोन शेवटचा चढ घेतच नाही, नुसता खाली जाऊन तिथेच थांबतो, 21. म्हणजे पुस्तकातला तो प्रसिद्ध 214 फक्त शब्द एकटा असताना किंवा बोलणं थांबतं तिथे भेटतो. नवखे लोक प्रत्येक तिसऱ्यावर खाली-वर झोका घेतात आणि वाक्य अडखळतं, त्यापेक्षा तिसरा म्हणजे "खाली" असं धरून सराव केलात तर जास्त जवळ जाल.

या दोन बदलांत फरक आहे. 214 चं 21 झालं तरी तो तिसराच टोन राहिला, दुसऱ्या कुठल्या टोनशी त्याची गल्लत होत नाही. पण नी चा 35 झाला तेव्हा तो दुसऱ्या टोनच्या घरात गेला. गल्लत खरंच होते का हे तपासायला "माय मा" ही जोडी वापरतात. माय तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे विकत घेणं, दुसऱ्यात म्हणजे जमिनीत पुरणं, आणि मा तिसऱ्यात म्हणजे घोडा. संधी झाल्यावर "घोडा विकत घे" आणि "घोडा पूर" दोन्ही सारखेच वाजतात. 1967 मध्ये विल्यम वांग आणि के. पी. ली यांनी अशा जोड्या मँडरिन बोलणाऱ्यांनाच ऐकवल्या, तर उत्तरं अंदाजाने दिल्यासारखी निम्मी बरोबर निम्मी चूक आली. यंत्रावर मोजलं तर बदललेला तिसरा खऱ्या दुसऱ्यापेक्षा जरासा खाली भरतो असं नंतर बऱ्याच जणांना दिसलं, पण कानाला तो फरक पकडता येत नाही. तुमच्या भाषेतही असंच करा, बदल झालेली जोडी आणि मुळात तशीच असलेली जोडी रेकॉर्ड करा, क्रम उलटापालटा करा आणि ती भाषा बोलणाऱ्याला विचारा कुठली कुठली. ओळखता आली तर कदाचित तो फक्त उच्चाराचा परिणाम आहे, नाही आली तर टोनच बदललाय.

तक्ता भरताना एखाद्याच शब्दाचे नखरेही भेटतील. मँडरिनचा "बू" (नाही) एरवी चौथा, पण पुढे चौथा आला की दुसरा होतो. हा नियम बू चा आहे, चौथ्या टोनचा नाही, बाकीचे चौथे चौथ्यासमोर आपल्या घरात राहतात. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक घरात एकच जोडी भरून थांबू नका, निदान तीन वेगवेगळे शब्द घ्या, नाहीतर एका शब्दाचा स्वभाव भाषेचा नियम म्हणून लिहाल.

पायरी 6: कुणाच्या टोनचं नाव टिकतं ते बघा

मँडरिनमध्ये बदलतो तो आधीचा, शेवटचा टिकतो. तैवानच्या होकिएनमध्ये हेच टोकाला गेलंय, शब्दगटातला शेवटचा सोडून जवळपास प्रत्येक सिलॅबल बदललेल्या रूपात येतं, पुढे कुठला टोन आहे याच्याशी देणंघेणं नाही. आणि बदल गोल फिरतात, 55 चा 33, 33 चा 21, 21 चा 51, 51 चा परत 55. "त्सुई" म्हणजे पाणी एकटं असताना 51, पण "त्सुई-गू" म्हणजे पाणम्हैस म्हणताना 55. शांघायच्या बोलीत उलटं, तिथे पहिल्या सिलॅबलचा टोन टिकतो, पुढच्यांवर पसरतो आणि पुढच्यांचे स्वतःचे टोन पुसले जातात. सुटा शब्द म्हणून पाठ केलेला टोन अशा भाषांत वाक्यात क्वचितच भेटतो, म्हणून तिथे शब्द पाठ करताना दोन रूपं एकदमच पाठ करावी लागतात, एकटं आणि जोडीतलं.

रजिस्टरवाल्यांतही संधी असते, फक्त तिचं रूप वेगळं. झिंबाब्वेतल्या शोनात "होवे" म्हणजे मासा, व-व. "ने" म्हणजे "च्यासोबत", तोही व. दोन्ही जोडले की व-व-व यायला पाहिजे, पण येतं व-ख-ख. दोन व शेजारी आले की दुसरा पडतो, बेल्जियन भाषाशास्त्रज्ञ मेउसेन यांच्या नावाने हा नियम ओळखतात. पण बघा, ने ला चिकटलेलं तर फक्त "हो" आहे, "वे" का पडलं? कारण होवे मध्ये दोन व नाहीतच, एकच व आहे आणि तो दोन सिलॅबलवर पसरलाय, पडला की दोन्हीवरून पडतो. मेंडेत एका सिलॅबलमध्ये दोन टोन होते, इथे दोन सिलॅबलमध्ये एक टोन आहे. हे संधीमुळेच कळलं, नुसतं होवे ऐकून कधीच कळलं नसतं.

पायरी 7: लांब वाक्यावर नियम चालवून बघा

आता मँडरिनवर परत येऊ. दोन तिसरे आले की पहिला दुसरा होतो, इथवर सोपं. पण तीन आले तर? "शी-ल्यान-श्वे" म्हणजे तोंड धुवायचं पाणी, तिन्ही तिसरे, आणि ऐकू येतं दुसरा-दुसरा-तिसरा. "माय-हाओ-ज्यो" म्हणजे चांगली दारू विकत घेणं, तिन्ही तिसरे, आणि सावकाश म्हटलं तर तिसरा-दुसरा-तिसरा. टोन तेच, उत्तर वेगळं, कारण अर्थाची गाठ वेगळी बांधलीय. पहिल्यात तोंड-धुणं ही आतली जोडी, तिच्यात शी चा दुसरा झाला, ल्यान तिसरा राहिला, मग बाहेरचं पाणी आलं, ते तिसरं, म्हणून ल्यान पण दुसरा झाला. दुसऱ्यात चांगली-दारू ही आतली जोडी, तिच्यात हाओ आधीच दुसरा झाला, मग बाहेरचा माय आला तर त्याच्या पुढे तिसरा उरलाच नाही, म्हणून तो बदलत नाही, नुसता खाली 21 वर थांबतो. थोडक्यात आतल्या जोडीपासून सुरू करा आणि बाहेर या.

पाचांचं वाक्य घेऊ, "लाओ ली माय हाओ ज्यो", ली चांगली दारू विकत घेतो, पाचही तिसरे. लाओ-ली जोडी, दुसरा-तिसरा. हाओ-ज्यो जोडी, दुसरा-तिसरा. माय च्या पुढे आता दुसरा आहे, तो तिसराच राहतो. आता दोन्ही भाग जोडायचे, ली तिसरा आणि त्याच्यापुढे माय तिसरा, म्हणून ली दुसरा होतो. उत्तर 2-2-3-2-3. पण बोलणाऱ्याने ली नंतर जरा थांबून म्हटलं तर ली आणि माय यांची गाठच पडत नाही, 2-3, मग 3-2-3. आणि घाईत एका दमात म्हटलं तर शेवटचा सोडून सगळेच बदलतात, 2-2-2-2-3. तिन्ही बरोबर आहेत. त्यामुळे रेकॉर्डिंगवरून नियम लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे वेग आणि थांबा कुठे घेतला ते नोंदवा, आणि एकाच माणसाकडून एक वाक्य सावकाश आणि भरभर असं दोनदा घ्या, नाहीतर दोन रेकॉर्डिंगमध्ये वेगळे टोन दिसले की आपलीच नोंद चुकली असं वाटून तुम्ही बरोबर असलेली ओळ खोडाल.